6,200 शब्द, सात हजार रुपये आणि 1 ऑक्टोबर

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही कोथरूडमधल्या काही जणी मिळून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी एक छोटा ग्रुप चालवतो. एका परदेशी संस्थेची इंग्लिश पुस्तिका आहे, घरी पेशंटची काळजी कशी घ्यायची यावर, 32 पानांची. ती मराठीत करून 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात वाटायचीय. मी सगळीकडे टाकलं की "ट्रान्सलेटर पाहिजे, मराठी, छोटं काम आहे, अर्जंट, योग्य मानधन दिलं जाईल." ढीगभर मेसेज आले, कुणी म्हणतं पानाला शंभर, कुणी म्हणतं शब्दाला चार रुपये, एक जण म्हणाला उद्या देतो. निवडायचं कसं तेच कळेना. आमच्याकडे फार तर सात हजार आहेत. प्रेसवाला म्हणतो फाइल श्रीलिपीत द्या. पीडीएफ जोडलीय.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर

तुमची पीडीएफ मी आधी वर्डमध्ये उघडून मोजली, कारण पैसे किती, दिवस किती, माणूस कोणता हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. वर्डने दाखवले 6,140 शब्द. पण वर्ड चित्रातला मजकूर मोजत नाही, आणि तुमच्या पुस्तिकेत पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, उचलून खुर्चीत कसं बसवायचं याची जी चित्रं आहेत त्यांच्यातच बाणांशेजारी सूचना लिहिल्यात, त्या मी हाताने मोजल्या, 420 शब्द निघाले. उलट शेवटच्या पानांवर त्या संस्थेच्या देणगीदारांची नावं आणि तिकडचे हेल्पलाइन नंबर आहेत ते तुम्हाला नकोच आहेत, ते 340 गेले. म्हणजे हिशोबाला धरायचे साधारण 6,200.

पानाला शंभर म्हणणाऱ्याला तुमच्या पानावर किती शब्द आहेत हे माहीतच नाहीये. तुमच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर मोठं चित्र आणि खाली दोन ओळी आहेत, आणि सतराव्या पानावर बारीक टायपात सलग मजकूर. त्यामुळे पानावर दर ठरवू नका, शब्दावर ठरवा. आणि शब्द म्हणजे कोणत्या भाषेतले ते जाहिरातीतच लिहा, यावरून शेवटी बिलाच्या वेळी जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाहीत. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी शब्दाला चिकटतात म्हणून तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. तुमच्याच पुस्तिकेतलं वाक्य घ्या, चेंज द पोझिशन ऑफ द पेशंट एव्हरी टू अवर्स, हे नऊ शब्द, आणि "दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला" हे सहा. सगळीकडे इतका फरक पडत नाही, पण समजा 6,200 चे मराठीत 5,000 झाले आणि दर दोन रुपये ठरलाय, तर इंग्लिश शब्द धरून बिल होतं 12,400 आणि मराठी धरून 10,000. दोघंही प्रामाणिक असून 2,400 रुपयांवरून संबंध बिघडतात. मूळ मजकुराचे शब्द धरायचे, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच रक्कम दोघांना माहीत असते आणि कुणी वाक्यं लांबवली की आखडली हा संशयच राहत नाही.

आता पैशाचं. इंग्लिशमधून मराठीत, आरोग्याचा मजकूर, माहितगार माणूस, याला शब्दाला दोन रुपये हा मला तरी आजच्या घडीला रास्त दर वाटतो. याच्या खूप खाली गेलात तर माणूस रात्री जागून पटापट हातावेगळं करणारा मिळतो. चार रुपये मागणाऱ्या व्यक्तीला लगेच लुटारू समजू नका, हॉस्पिटलच्या किंवा औषधांच्या चाचण्यांच्या कामाची सवय असेल तर तिथे दर असे असू शकतात, फक्त तुमच्या कामाला ते परवडणारे नाहीत. दोन रुपयांनी तुमचे होतात 12,400, आणि आहेत सात हजार. बहुतेक लोक इथे दर पाडतात, रुपया-सव्वा रुपयात कुणी करतं का बघतात. माझं ठाम मत आहे की दर पाडू नका, शब्द कमी करा.

कारण पुस्तिका नीट वाचली तर दिसतं की त्यातला बराच भाग तुमच्या लोकांना लागूच नाही. तिकडच्या सरकारी मदतीचे नियम, घरात रॅम्प बसवायला अर्ज कुठे करायचा, काळजी घेणाऱ्याने स्वतःसाठी रजा कशी मागायची, हे आपल्याकडे वाचून कुणाला काही करता येणार नाही. बेडसोअर टाळणं, भरवणं, लघवीची नळी आणि पिशवी सांभाळणं, उचलणं-बसवणं ही चार प्रकरणं मात्र घरच्यांना आणि ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना रोज लागतात. मी तेवढीच मोजली, चित्रांतल्या सूचना धरून 3,400 शब्द होतात. दोन रुपयांनी 6,800. तुमच्या सात हजारांत बसलं, आणि पुस्तिका पातळ झाली की छपाईही स्वस्त पडेल. उरलेलं पुढच्या वर्षी करता येईल.

पण त्याआधी एक काम आजच करा, त्या संस्थेला मेल पाठवून लेखी परवानगी मागा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचाच धरलाय, तुम्ही फुकट वाटताय म्हणून तो आपोआप मिळत नाही. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन छापलंय, त्यात पुढे ND अशी अक्षरं आहेत, आणि ND असेल तर जशीच्या तशी वाटायला हरकत नसते पण भाषांतर करून वाटायला वेगळी परवानगी लागते. तुम्ही तर भाषांतरच करणार आहात. मेलमध्ये स्पष्ट लिहा की कोणती चार प्रकरणं, कोणत्या भाषेत, किती प्रती, विकणार नाही. अशा संस्था बऱ्याचदा हो म्हणतात, फक्त मूळ नाव कुठे आणि कसं छापायचं याची अट घालतात. परवानगी यायच्या आत भाषांतराला पैसे देऊ नका.

जाहिरातीत "मराठी" एवढंच लिहिल्यामुळे तुम्हाला मराठीतून इंग्लिश करणाऱ्यांचेही मेसेज आले असणार. दिशा लिहा, इंग्लिशमधून मराठीत. आणि माणूस असा हवा की ज्याची रोजची, घरची भाषा मराठी आहे, कारण चांगलं इंग्लिश येणारे पुण्यात पुष्कळ आहेत पण मावशींना एका वाचनात कळेल असं मराठी लिहिणारे त्या मानाने थोडे. (जर्मन किंवा जपानीचं काम असतं तर मी तुम्हाला सरळ रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात चौकशी करा म्हटलं असतं, इंग्लिश-मराठीला तशी एक ठरलेली जागा नाही, ओळखीतून आणि जाहिरातीतूनच माणूस मिळतो.) एक गोष्ट मात्र मुद्दाम विचारा, औषधांच्या चाचण्यांच्या संमतीपत्रांचं, म्हणजे कन्सेंट फॉर्मचं काम केलंय का. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत अशा चाचण्या चालतात आणि पेशंटला त्याच्या भाषेत लेखी माहिती द्यावीच लागते, त्यामुळे हे काम केलेल्या माणसाला साध्या शब्दांत पण एकही सूचना न गाळता लिहायची सवय असते. तुमच्या दरात असं कुणी मिळालं तर लगेच धरा.

मी असती तर जाहिरात अशी लिहिली असती:

"इंग्लिशमधून मराठीत भाषांतरकार हवा/हवी. मजकूर: घरी अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी, चार प्रकरणं, मूळ इंग्लिश 3,400 शब्द (चित्रांतल्या सूचना धरून). वाचणारे: रुग्णाचे घरचे आणि आठवी-दहावीपर्यंत शिकलेल्या मावशी, त्यामुळे सोपी बोलती मराठी. दर: मूळ इंग्लिश शब्दाला 2 रुपये, एकूण 6,800. निम्मे पैसे काम सुरू करताना, निम्मे अंतिम फाइल मिळाल्यावर सात दिवसांत, यूपीआयने. यात दुरुस्त्यांची एक फेरी धरलीय. काम सुरू 7 सप्टेंबर, पहिला मसुदा 14 सप्टेंबर संध्याकाळी 6 पर्यंत. फाइल: वर्ड, युनिकोड मराठी. आरोग्यविषयक कामाचा अनुभव असेल तर कोणतं काम ते दोन ओळींत लिहा. एक उतारा नमुना म्हणून पाठवू, साधारण 170 शब्द. 3 सप्टेंबरपर्यंत कळवा. पुस्तिकेत भाषांतरकाराचं नाव छापलं जाईल."

एवढं लिहिलं की निम्मे मेसेज आपोआप गळतात, कारण ज्याला दर परवडत नाही किंवा त्या आठवड्यात वेळ नाही तो विचारतच नाही, आणि जे विचारतात त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे वेळ राहतो.

तारखा मी उलट्या मोजत आले, तुम्हीही तशाच मोजा. 1 ऑक्टोबरला हातात प्रती हव्यात म्हणजे 28 पर्यंत छापून यायला हव्यात, छपाई आणि बाइंडिंगला प्रेस चार-पाच दिवस मागणार, म्हणजे 23 ला अंतिम फाइल त्यांच्याकडे. त्याआधी मजकूर पानांवर लावणं आणि त्याचं प्रूफ वाचणं, याला चार दिवस. त्याच्याही आधी तुमच्या ग्रुपमधल्या सिस्टरनी मसुदा वाचून खुणा करायच्या आणि भाषांतरकाराने त्या दुरुस्त करायच्या, याला पाच दिवस. असं करत करत मसुदा 14 ला यायलाच हवा. भाषांतराला स्वतःला किती लागतं म्हणाल तर अशा मजकुराचे दिवसाला दीड हजार शब्द नीट होतात, म्हणजे 3,400 ला अडीच दिवस, पण माणसाकडे तुमचं एकच काम नसतं म्हणून आठवडा द्या. आणि मध्ये गणपतीचे दिवस येतायत हे विसरू नका, विसर्जनाच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पेठांमधला प्रेस उघडा मिळेल असं धरून चालू नका, प्रेसवाल्याला आजच विचारून त्याच्या सुट्ट्या कॅलेंडरवर लिहा आणि गरज पडली तर सगळं दोन दिवस अलीकडे घ्या. जो म्हणाला उद्या देतो, त्याने फाइलही न बघता 6,000 शब्द एका दिवसात कबूल केलेत, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आता नमुना. लोक इथे चुकतात ते असं की पुस्तिकेचं पहिलं पान नमुन्याला देतात, आणि प्रस्तावना कुणालाही छान जमते. तुम्ही बाविसाव्या पानावरचा लघवीच्या पिशवीचा उतारा द्या, 170 शब्दांचा आहे आणि त्यात आकडे आहेत, "करू नका" आहे आणि वस्तूंची नावं आहेत. तिथे एक वाक्य आहे, पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली राहिली पाहिजे पण जमिनीला टेकता कामा नये. घाईत काम करणारा लिहितो "पिशवी नेहमी खाली ठेवावी", आणि मावशी ती वाचून खरंच फरशीवर ठेवतील, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच, जंतुसंसर्गाला आमंत्रण. चांगला भाषांतरकार लिहील "पिशवी पेशंटच्या कमरेपेक्षा खाली, कॉटच्या दांडीला अडकवा, जमिनीला टेकू देऊ नका." त्यातला कॉटच्या दांडीचा उल्लेख मूळात नाही, तो त्याने घालावा की नाही यावर तो तुम्हाला विचारेल, आणि असं विचारणाराच माणूस हवाय. बेडसोअरच्या प्रकरणातही तसंच एक वाक्य आहे, लाल झालेल्या जागेवर मालीश करू नका, आपल्याकडे तर हात आपोआप मालीश करायलाच जातो, तिथला "नका" गळला तर पुस्तिकेने नुकसान केलं म्हणायचं.

नमुना सगळ्यांना तोच एक उतारा द्या, वेगवेगळे उतारे वाटू नका. काही लोक नमुन्याच्या नावाखाली दहा जणांना दहा तुकडे देऊन पूर्ण काम फुकटात करून घेतात, त्यामुळे अनुभवी भाषांतरकार अशा वेळी सावध होतो आणि उत्तरच देत नाही. 170 शब्द फुकट मागणं ठीक आहे, त्याहून जास्त हवं असेल तर त्याचे पैसे द्या. आलेले नमुने तपासायला तुम्हाला भाषांतराचं ज्ञान लागत नाही. इंग्लिश बाजूला ठेवा आणि तुमच्याकडे येणाऱ्या एखाद्या मावशींना मराठी मोठ्याने वाचून दाखवा, मग त्यांना विचारा आता पिशवी कुठे लावाल, कधी रिकामी कराल, आणि करून दाखवायला सांगा. जिथे त्या अडतात तिथे वाक्य अडलंय. त्यानंतर सिस्टरना इंग्लिश शेजारी ठेवून फक्त आकडे आणि नकार जुळवायला सांगा, पेन्सिलने एकेक टिक करत. पूर्ण मसुद्यालाही हीच रीत वापरा, आणि भाषांतर ज्याने केलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी मूळाशी ताडून बघणं सोडू नका. भाषांतराचं जे आयएसओ 17100 नावाचं मानक आहे त्यातही हे दुसऱ्या माणसाचं वाचन सक्तीचं आहे. ते तुमच्याकडे सिस्टर करणार आहेत म्हणूनच तुमचं बजेट पुरतंय, नाहीतर त्याचेही पैसे मोजावे लागले असते.

काम द्यायच्या दिवशी भाषांतरकाराबरोबर बसून वीसेक शब्दांची यादी करून टाका. कॅथेटर म्हणायचं की लघवीची नळी, बेडसोअर म्हणायचं की नुसतं जखम, डायपर, बेडपॅन, एअर बेड हे तसेच ठेवायचे का. माझं मत विचाराल तर मावशी ज्या शब्दाने वस्तू मागतात तो घ्या, मग तो इंग्लिश असला तरी चालेल, फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच ठेवा. यादी आधी केली नाही तर सिस्टर वाचताना प्रत्येक पानावर शब्द बदलत बसतात, आणि दुरुस्तीची फेरी एक ठरलेली असताना तीन होतात. तसंच मध्येच तुम्ही मजकूर वाढवलात तर वाढीव शब्दांचे त्याच दराने पैसे द्यायचे, हेही पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका.

राहिलं प्रेसवाल्याचं. श्रीलिपी हे पुण्यातल्याच कंपनीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, इथल्या प्रेसमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहे, त्यामुळे तो मागतोय यात नवल नाही. पण आज बहुतेक भाषांतरकार युनिकोडमध्येच टाइप करतात आणि त्यांना श्रीलिपीची अट घातलीत तर चांगली माणसं त्या एका कारणाने नाही म्हणतील. प्रेसवाल्याला विचारा, युनिकोडमध्ये, मुक्ता किंवा नोटो देवनागरी असल्या फॉन्टमध्ये पानं लावता येतील का, दोन्ही फुकट मिळतात. त्याच्याकडे इनडिझाइन असेल तर त्यात World-Ready Composer चालू करायला सांगा, ते बंद असलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात आणि मग तो म्हणतो युनिकोड चालतच नाही. तरीही श्रीलिपीच पाहिजे म्हणाला तर युनिकोडवरून बदलून घेण्याचं काम प्रेसचं, भाषांतरकाराचं नव्हे, हे ठरवून घ्या. बदलल्यावर प्रूफ मात्र पुन्हा पूर्ण वाचा, खास करून "दुसऱ्या", "सांभाळणाऱ्या" असल्या शब्दांतला तो अर्धा र आणि शब्दावरचे रफार, गडबड झाली तर बहुधा तिथेच दिसते. हे प्रूफ भाषांतरकाराला एकदा दाखवायचं असेल तर त्याला आधी सांगा, त्याचाही वेळ धरा.

आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यायला कचरू नका. अनोळखी माणसाला कसे द्यायचे असं वाटत असेल तर 3,400 चे दोन भाग करा, आधी बेडसोअर आणि भरवणं ही दोन प्रकरणं, ती तुमच्या हातात आली की तेवढ्याचे पैसे त्याच दिवशी, मग पुढची दोन. जाहिरातीत मात्र ते तसं आधीच लिहा. परवानगीची मेल आज गेली तर जाहिरात उद्या टाका, आणि त्यात चार प्रकरणांची नावं लिहायला विसरू नका, माझ्या वरच्या मजकुरात ती राहिलीत.